सोसायटीच्या नोटिशीतल्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इमारतीत जिन्याखालच्या फळ्यावर लागणारी नोटीस आधी माझ्याकडे तपासायला येते. मी लाल पेनाने खुणा करून परत पाठवतो आणि मग प्रश्न सुरू होतात : "काका, हे का बदललं?" "असं तर सगळेच लिहितात की!" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एकदाच लिहून ठेवतो आहे. उदाहरणासाठी एक नोटीस घेतली आहे. चुका खऱ्याच आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळच्या एकत्र केल्या आहेत.

> (१) सोसायटीचा सर्व सभासदांना कळविण्यात येते कि येत्या रविवारी सकाळी १० वाजता गच्ची वर वार्षिक सर्वसाधारण सभा आयोजित केले आहे.
> (२) गेल्या महिन्यात समितीने पाण्याचे टाकी साफ करून घेतले.
> (३) दुसरा मजल्यावरील सभासदांनी दरवाज्यासमोरील चपलांचे कपाट काढावी.
> (४) समितीने सर्व भाडेकरूंना पण बोलावले आहेत.
> (५) ज्यांनी वर्गणी भरले नाही त्यांनी ३० तारीखेच्या आत भरावे.
> (६) सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित रहावेत.

सहा वाक्यांत इतक्या चुका? सुरुवात कुठून करायची?

वाक्यातल्या नामांपासून करा आणि प्रत्येक नामाला एकच प्रश्न विचारा : याला प्रत्यय लागला आहे का? 'सभासद' हे नाम मोकळे आहे, तर 'सभासदांना', 'सभासदांनी', 'सभासदांचा' ही नामे प्रत्यय लागलेली आहेत. मराठीत प्रत्यय लागला की तीन गोष्टी घडतात. नामाचे स्वतःचे रूप बदलते ('मजला'चे 'मजल्या' होते, 'तारीख'चे 'तारखे' होते). त्याच्या आधी आलेले विशेषण बदलते ('दुसरा'चे 'दुसऱ्या' होते). आणि क्रियापद त्या नामाचे ऐकायचे सोडून देते. वरच्या नोटिशीतल्या बहुतेक चुका या तिन्हींपैकी एक गोष्ट करायची राहून गेल्यामुळे झाल्या आहेत. म्हणून मी आधी फक्त प्रत्ययांखाली रेघा मारतो आणि मग डावीकडे विशेषणाकडे व उजवीकडे क्रियापदाकडे पाहतो.

'सोसायटीचा सर्व सभासदांना' यात चूक काय? बोलताना खटकत नाही.

बोलताना 'चा' आणि 'च्या' इतके भरभर निघून जातात की कान त्यांना सोडून देतो. कागदावर मात्र ते सुटत नाही. 'सोसायटीचा' हा शब्द 'सभासद' या शब्दाचे विशेषण म्हणून आला आहे. सभासद मोकळा असेल तर 'सोसायटीचा सभासद' आणि अनेक असतील तर 'सोसायटीचे सभासद'. पण सभासदाला 'ना' लागला, म्हणून विशेषणानेही वाकायला हवे : 'सोसायटीच्या सर्व सभासदांना'.

मध्ये 'सर्व' आला म्हणून गोंधळ होतो. शेजारचा शब्द सरळ दिसतो आणि मग 'सोसायटीचा'ही सरळच राहतो. विशेषण आपल्या नामाकडे पाहते, मधल्या शब्दाकडे नाही. 'सर्व', 'नवीन', 'जुनाट', 'लाल' ही विशेषणे कधीच बदलत नाहीत. जी 'आ'ने संपतात, तीच बदलतात : चांगला, मोठा, माझा, आपला, पहिला, आणि 'चा' लागून झालेली सगळी. 'माझा भावाला सांगा', 'आपला इमारतीत' आणि तिसऱ्या वाक्यातले 'दुसरा मजल्यावरील' या सगळ्या चुका याच जातीच्या आहेत. बरोबर रूपे 'माझ्या भावाला', 'आपल्या इमारतीत', 'दुसऱ्या मजल्यावरील'.

संगणकाचा शब्दतपासक हे पकडत नाही, कारण 'सोसायटीचा' हा शब्द सुटा घेतला तर बरोबर आहे आणि 'सभासदांना'ही बरोबर आहे. चूक दोघांच्या नात्यात आहे.

फोनवर 'दुसऱ्या' लिहायला गेलं की 'दुसर्या' उमटतं. चालेल का?

चालणार नाही. 'र्य' या जोडाक्षरात रफार असतो आणि त्याचा उच्चार आघात देऊन होतो : सूर्य, कार्य, धैर्य. 'दुसऱ्या'तला र हलका आहे, त्यावर आघात नाही. फरक अर्थाचाही होतो. 'आचार्यांना जेवायला वाढा' म्हणजे गुरुजींना वाढा आणि 'आचाऱ्यांना जेवायला वाढा' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना वाढा. मंगल कार्यालयात दोघेही असतात.

हा आडवा र बहुतेक मराठी कीबोर्डवर 'र' दाबून धरला की मिळतो. खाली टिंब असलेला 'ऱ' निवडायचा, मग हलंत, मग 'य'. नोटिशीत तो सतत लागतो, कारण 'रा', 'री' यांनी संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांना प्रत्यय लागला की तोच येतो : कचरा – कचऱ्याचा, शेजारी – शेजाऱ्यांना, किनारा – किनाऱ्यावर.

'गच्ची वर' सुटं लिहिलं तर काय बिघडतं?

'वर', 'साठी', 'समोर', 'खाली', 'मध्ये', 'पर्यंत' हे शब्द नामाला चिकटूनच येतात : गच्चीवर, सभेसाठी, गेटसमोर, जिन्याखाली. फोन स्वतःहून मध्ये जागा सोडतो आणि आपण ती तशीच ठेवतो. 'गच्ची' हा शब्द प्रत्ययाआधी आणि नंतर सारखाच दिसतो, म्हणून तिथे तुटलेपण जाणवत नाही. 'सभे साठी' किंवा 'जिन्या खाली' असे लिहून पाहा. 'सभे' आणि 'जिन्या' हे एकटे शब्द मराठीत उभेच राहत नाहीत. म्हणजे ते पुढच्या शब्दासाठी वाकलेले आहेत आणि त्यांना जोडून घ्यायला हवे.

मात्र मध्ये 'च्या' आला की पुढचा शब्द सुटा होतो : 'गेटच्या समोर', 'समितीच्या वतीने'. 'गेटसमोर' आणि 'गेटच्या समोर' दोन्ही बरोबर. 'गेटचा समोर' मात्र नाही.

'सभा आयोजित केले आहे' यात सभा घेणारा कोण तेच लिहिलेलं नाही. मग क्रियापद कोणाप्रमाणे चालवायचं?

सभेप्रमाणे. करणारा लिहिलेला नसला, तरी 'समितीने' असे मनात धरलेले आहे. त्याला 'ने' लागला की क्रियापद त्याचे ऐकत नाही आणि पुढच्या मोकळ्या नामाकडे वळते. ते नाम 'सभा' आहे, स्त्रीलिंगी एकवचनी. म्हणून 'सभा आयोजित केली आहे'. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणत.

आपल्या रोजच्या व्यवहारातले याहून सोपे उदाहरण पैसे भरण्याचे आहे. 'त्यांनी मेंटेनन्स भरला', 'त्यांनी वर्गणी भरली', 'त्यांनी बिल भरले'. भरणारी व्यक्ती तीच आहे, पैसे कदाचित तेवढेच आहेत, क्रियापद मात्र तीनदा बदलले. म्हणून पाचव्या वाक्यात 'वर्गणी भरले नाही' चुकते आणि 'वर्गणी भरली नाही' बरोबर होते. त्याच वाक्यात पुढे 'त्यांनी भरावे' आहे. काय भरावे? वर्गणीच. म्हणून 'ती भरावी'. दुसऱ्या वाक्यात टाकी स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'पाण्याची टाकी साफ करून घेतली'. तिसऱ्यात कपाट नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'कपाट काढावे'. तिथे लिहिणाऱ्याने आधी 'चपलांचे' बरोबर लिहिले आणि क्रियापदापर्यंत पोचताना तो लिंग विसरला. बहुधा डोळ्यांपुढे चपला होत्या.

कपाट नपुंसक, टाकी स्त्रीलिंगी हे जुन्या शब्दांचं झालं. लिफ्ट, पार्किंग, ईमेल यांचं लिंग कोण ठरवतं?

बोलणारे लोक ठरवतात आणि बहुतेक शब्दांचे ठरलेलेही आहे. शब्दाआधी 'हा, ही, हे' लावून मोठ्याने म्हणा : ही लिफ्ट, हे पार्किंग, ही नोटीस, हा चेक, हे बिल, ही मीटिंग. जे अडखळत नाही ते धरा. 'ईमेल'वर एकमत झालेले नाही. कोणी 'ईमेल आला' म्हणतात, कोणी 'ईमेल आली'. अशा वेळी मी दोन्ही सोडून देतो, पण एकाच कागदात दोन्ही आली तर खूण करतो.

'सर्व सभासदांनी उपस्थित राहावेत' चूक कसं? सभासद अनेक आहेत ना!

सगळ्यात जास्त वाद याच वाक्यावर होतो. निमंत्रणपत्रिकांत, कमानींवर, बॅनरवर सगळीकडे 'राहावेत' दिसते आणि ते आदरार्थी वाटते, म्हणून लोक सोडायला तयार नसतात.

सभासद अनेक आहेत हे खरे. पण त्यांना 'नी' लागला आहे, त्यामुळे क्रियापदाला त्यांची संख्या दिसत नाही. मग ते कोणाकडे वळेल? वर्गणीच्या वाक्यात वळायला वर्गणी होती. 'उपस्थित राहणे' याला तसे काहीच नाही, उपस्थित राहण्यात कर्म नसते. ज्याला ऐकायला कोणीच नाही ते मराठी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन थांबते : 'राहावे'. दहा सभासद असोत की दोनशे, 'सभासदांनी उपस्थित राहावे'.

मग तो 'त' आला कुठून? तो दुसऱ्या एका बरोबर वाक्यातून आला आहे : 'सर्व सभासद उपस्थित राहावेत, अशी समितीची इच्छा आहे.' इथे 'सभासद' मोकळे आहेत, 'नी' नाही, म्हणून क्रियापद त्यांच्या अनेकवचनाप्रमाणे चालले. चुकीच्या वाक्यात या वाक्याचे शेपूट 'सभासदांनी'ला चिकटले आहे. चुकीची बरीच मराठी वाक्ये अशीच, दोन बरोबर वाक्यांच्या अर्ध्या अर्ध्या तुकड्यांची असतात.

'त' कधी लागतो तेही पाहून ठेवा, नाहीतर सरसकट सगळे 'त' काढले जातील. 'सभासदांनी अर्ज भरावेत' हे बरोबर, कारण अर्ज मोकळे आणि अनेक आहेत. 'सभासदांनी गाड्या काढाव्यात' बरोबर, कारण गाड्या अनेक. 'येथे गाडी लावू नये', पण 'येथे गाड्या लावू नयेत'. आणि 'कोणीही जिन्यात थुंकू नये' यात कितीही जण थुंकत असले तरी 'नये'च.

या शब्दात दुसरीही एक बारीक चूक होती : 'रहावे'. मूळ क्रियापद 'राहणे' आहे, म्हणून 'राहावे'. 'पाहणे'चे 'पाहावे' आणि 'वाहणे'चे 'वाहावे' तसेच.

'भाडेकरूंना बोलावले आहेत' यात तर 'भाडेकरू' हे कर्म आहे. त्याप्रमाणे क्रियापद का चालत नाही?

कारण कर्मालाही प्रत्यय लागला आहे. 'समितीने'ला 'ने', 'भाडेकरूंना'ला 'ना'. दोघांनीही पाठ फिरवली. क्रियापद पुन्हा एकटे पडले आणि पुन्हा नपुंसक एकवचनात गेले : 'बोलावले आहे'. 'समितीने सर्व भाडेकरू बोलावले आहेत' असे लिहिले असते, तर कर्म मोकळे राहिले असते आणि 'आहेत' बरोबर ठरले असते. म्हणजे इथेही दोन वाक्यांची खिचडीच आहे.

लिंगाचेही तसेच. 'बाईंनी मुलींना वर्गात बसवल्या' असे कानावर पडते, पण प्रमाण लेखनात 'मुलींना वर्गात बसवले'. 'आईने मुलीला शाळेत नेली' नाही, 'नेले'. 'ला' किंवा 'ना' दिसला की मुलगी आहे की मुलगा, एक आहे की अनेक, हा विचारच करायचा नाही. त्या दृष्टीने कर्तरी, कर्मणी आणि भावे या तिन्हींत हा भावे प्रयोग सर्वांत सोपा आहे.

याच वाक्यातला 'पण' मी 'ही' करतो : 'भाडेकरूंनाही बोलावले आहे'. 'पण' बोलताना चालते. लिहिताना वाचणारा आधी त्याचा 'परंतु' असा अर्थ लावतो आणि मग मागे येतो.

'मी'ला तर 'ने' लागत नाही. मग 'मी नोटीस वाचली' असं पुरुषानेही म्हणायचं?

हो, आणि 'मी अर्ज भरला' असे बाईनेही म्हणायचे. 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांचा प्रत्यय दिसत नाही, पण तो लागलेला असतो. पाहायचे असेल तर त्यांच्या जागी 'त्याने' किंवा 'तिने' ठेवा. 'त्याने नोटीस वाचली' असे होते, म्हणून 'मी नोटीस वाचली'. पण 'त्याने सभेला गेला' असे होत नाही, 'तो सभेला गेला' असे होते. म्हणून तिथे 'मी' खरोखरच मोकळा आहे आणि बोलणाऱ्याप्रमाणे 'गेलो' किंवा 'गेले' होईल.

परप्रांतातून आलेल्या आणि मराठी शिकणाऱ्या शेजाऱ्यांची इथे हमखास अडचण होते. एक शेजारीण कटाक्षाने 'मी चहा घेतली' म्हणते, कारण ती स्त्री आहे. चहा पुल्लिंगी आहे, घेणारी कोणीही असो : 'मी चहा घेतला'.

कर्म असूनही 'तो मराठी शिकला' म्हणतात. 'त्याने मराठी शिकली' का नाही?

काही मोजकी क्रियापदे कर्म घेतात, पण भूतकाळातही कर्त्याला 'ने' लावू देत नाहीत. रोजच्या वापरातली म्हणजे शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे, नेसणे, चावणे. 'माझा मुलगा मराठी शिकला', 'ती नऊवारी नेसली', 'कुत्रा पोस्टमनला चावला', 'मी किल्ली विसरलो'. ही पाठच करावी लागतात. तर्काने सापडत नाहीत.

एका सभासदाने तक्रारवहीत लिहिले होते, 'आमच्या वॉचमनने किल्ली विसरली.' दुरुस्ती केल्यावर 'आमचा वॉचमन किल्ली विसरला' असे झाले. एक 'ने' काढला आणि डावीकडचा 'आमच्या' सरळ होऊन 'आमचा' झाला, उजवीकडे क्रियापद किल्लीला सोडून वॉचमनकडे आले. प्रत्यय किती दूरवर हात पोचवतो ते या वाक्यात नीट दिसते.

या घराण्यातल्या शब्दांची भावंडे मात्र वेगळी वागतात. 'शिकला', पण 'बाईंनी मराठी शिकवली'. 'तो म्हणाला', पण 'त्याने म्हटले'. आणि 'सचिव मला बोलले की सभा आहे' हे मुंबईत सर्रास ऐकू येते. लेखी मराठीत 'सचिवांनी मला सांगितले' लिहा. 'मला बोलले' याचा अर्थ माझ्यासारखा जुना माणूस 'मला रागावले' असा घेतो.

'तारीखेच्या' ऐवजी 'तारखेच्या' का? मूळ शब्दात तर दीर्घ ई आहे.

मूळ शब्दात आहे, पण प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ इ-ऊ टिकत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. आज शाळेत आणि सरकारी कामात तेच चालतात. त्यांनुसार सुटा शब्द दीर्घ आणि सामान्यरूप ऱ्हस्व : मूल – मुलांना, गरीब – गरिबांना, जमीन – जमिनीवर, विहीर – विहिरीत, बहीण – बहिणीला.

'तारीख' आणखी एक पाऊल पुढे जाते. शब्द तीन अक्षरी आणि पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधली ई किंवा ऊ पूर्ण जाऊन तिथे अ येतो : तारीख – तारखेला, माणूस – माणसाला, लाकूड – लाकडाचा, बेरीज – बेरजेत. इथे कानावर विश्वास ठेवा. 'माणूसाला' कोणी म्हणत नाही आणि 'तारीखेला'ही म्हणत नाही. लिहितानाच हात मूळ शब्दाकडे वळतो. आपल्या नोटिशीला मात्र हे लागत नाही. 'नोटशीत' असे कोणाच्या तोंडात नाही, 'नोटिशीत'च.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून सुटतात : शरीर – शरीरात, सूत्र – सूत्राने. 'शरिरात' लिहिणारे बहुधा नियम अर्धाच लक्षात ठेवणारे असतात.

'दरवाज्यासमोर' खोडून 'दरवाजासमोर' केलंत. 'मजल्यासमोर' मात्र चालतं. का?

'आ'ने संपणारा पुल्लिंगी शब्द साधारणपणे 'या' घेतो : मजला – मजल्यावर, रस्ता – रस्त्यावर, जिना – जिन्यात. पण शेवटी 'जा' असेल तर तो तसाच ठेवायचा असा नियम आहे : दरवाजा – दरवाजाला. 'सा' असेल तर त्याचा 'शा' होतो : पैसा – पैशांचा, घसा – घशाला. 'पैस्यांचा' किंवा 'पैश्यांचा' नाही. 'दरवाज्यासमोर' इतके रुळले आहे की मी त्यावर वाद घालत बसत नाही, फक्त खूण करतो.

'कि' ऱ्हस्व का नको?

मराठी शब्दाच्या शेवटी येणारी इ आणि उ दीर्घ लिहायची. 'की' त्यात येतो. 'आणि' व 'नि' हे दोनच शब्द यातून सुटले आहेत.

'केलं', 'झालं' असं लिहिलं तर चूक का? आणि गावाकडचं बोलणं चूक समजायचं का?

'केलं' हे बोलण्यातले रूप आहे. कथेत पात्राच्या तोंडी ते चालते. नोटिशीत 'केले' लिहितात. एका ओळीत 'केलं' आणि दुसरीत 'झाले' हे टाळा, एवढेच.

बोलीचे उत्तर सोपे आहे. कोल्हापूरकडची बाई 'मी येतो' म्हणते, तेव्हा ती चुकत नाही. ती तिच्या भागातली मराठी बोलते आहे. मी तिचे बोलणे दुरुस्त करणार नाही. फळ्यावर लावायचा कागद मात्र सगळ्या भागांतले लोक वाचतात, म्हणून तो प्रमाण मराठीत.

दुरुस्त केलेली नोटीस एकदा पूर्ण दाखवा.

> सोसायटीच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर वार्षिक सर्वसाधारण सभा आयोजित केली आहे. गेल्या महिन्यात समितीने पाण्याची टाकी साफ करून घेतली. दुसऱ्या मजल्यावरील सभासदांनी दरवाजासमोरील चपलांचे कपाट काढावे. समितीने सर्व भाडेकरूंनाही बोलावले आहे. ज्यांनी वर्गणी भरली नाही त्यांनी ती ३० तारखेच्या आत भरावी. सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे.

व्याकरणापलीकडचा एक आक्षेप राहतोच : टाकी साफ झाली ही बातमी सभेच्या निमंत्रणात कशाला? पण तो सचिवांचा प्रश्न.

नोटिशीखाली 'सोसायटीचे अध्यक्ष श्री. पाटील यांनी' लिहायचं की 'सोसायटीच्या अध्यक्ष'? तुमच्याच नियमाने 'च्या' यायला हवं ना?

'नी' दिसतो आहे, पण तो कोणाला लागला आहे ते पाहा. तो 'यांनी' या शब्दात आहे. 'अध्यक्ष' आणि 'श्री. पाटील' दोघेही मोकळे आहेत. म्हणून 'सोसायटीचे अध्यक्ष श्री. पाटील यांनी' हेच बरोबर. 'यांनी' काढून प्रत्यय थेट लावलात तर मात्र 'सोसायटीच्या अध्यक्षांनी' होईल. अध्यक्ष एकच असले तरी आदरासाठी 'क्षां'वर अनुस्वार येतो. 'पाटील यांनी' लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे 'पाटीलांनी' की 'पाटलांनी' हा प्रश्नच उरत नाही. एरवी बोलण्यातले रूप 'पाटलांनी' आहे.

पुढच्या वर्षी अध्यक्षपदी बाई आल्या, तर 'सोसायटीच्या अध्यक्ष श्रीमती पाटील यांनी' लिहा. तिथे 'च्या' येतो तो प्रत्ययामुळे नाही, स्त्रीलिंगी आदरार्थी अनेकवचनामुळे. 'माझ्या आई आल्या' असे आपण म्हणत नाही, पण 'आमच्या बाई आल्या' म्हणतो ना, तोच हा 'च्या'.